परवा म्हणजे कधी?

मंगळवार, रात्री

भाचीचं लग्न शुक्रवारी, आणि रुखवताच्या मांड्यांची जबाबदारी माझ्याकडे. शहापूरच्या एक काकू घरी मांडे लावतात. बेळगावातली आणि आसपासची कितीतरी लग्नं त्यांच्या खापरावरून गेलीत. आम्ही खानापूरचे, म्हणजे पंचवीसेक किलोमीटरवर. आणायला गाडी सांगावी लागते आणि गाडीवाल्याला वार आधी कळवावा लागतो. म्हणून काल संध्याकाळी काकूंना लिहिलं, ‘काकू, पैसे मिळाले का? मांडे कधी?’ सकाळी उठून बघतो तर उत्तर आलेलं.

‘परवा’

बस, एवढंच. पुढे टिंब नाही, मागे क्रियापद नाही.

काकूंना दोष देण्यात अर्थ नाही. मांडे लावायला बसलेल्या बाईचे हात कणकेत आणि पिठीसाखरेत असतात. मोठा मांडा हातावर पसरून तापल्या खापरावर टाकायचा, आणि उतरवला की गरम आहे तोवर घडी घालायची. गार झाला की तो कडक होतो, मग घडी मोडते. अशात मधेच एक बोट पुसून त्यांनी उत्तर दिलं, हेच खूप झालं. अडचण शब्दाची आहे. परवा मागचाही असतो आणि पुढचाही. बोलताना कुणी अडत नाही, कारण ‘परवा झाले’ किंवा ‘परवा होतील’ असं आपण म्हणतो आणि काळ क्रियापदातून कळतो. एका शब्दात उत्तर द्यायचं म्हटलं की नेमकं तेच गळतं. तेरवाचीही तीच गत. आमच्या भागात शेजारचं कानडी या बाबतीत सुटसुटीत आहे, मागचा ‘मोन्ने’ आणि पुढचा ‘नाडिद्दु’, दोघांची दोन घरं. काकू घरात मराठी आणि बाजारात कानडी बोलतात. त्यांनी कानडीत उत्तर दिलं असतं तर मला आज हे पान लिहावं लागलं नसतं.

पण मागचा की पुढचा एवढ्यावर भागलं असतं तरी बरं होतं. संदेशाची वेळ बघितली तर बारा वाजून वीस मिनिटं, म्हणजे मध्यरात्र उलटल्यावरची. फोनच्या हिशेबाने तो मंगळवार. काकू मात्र तेव्हा झोपल्या नव्हत्या, आणि झोपेपर्यंत सोमवार संपत नाही हा आपल्या सगळ्यांचाच हिशेब. सोमवारातून मोजलं तर मागचा परवा शनिवार आणि पुढचा बुधवार. मंगळवारातून मोजलं तर मागचा रविवार आणि पुढचा गुरुवार. एका शब्दातून चार वार निघाले. शिवाय मी दोन प्रश्न एकाखाली एक विचारलेले, आणि पैसे पाठवले होते रविवारी सकाळी. म्हणजे ‘परवा’ हे पैशाचंही उत्तर असू शकतं, ‘परवा मिळाले’ या अर्थाने. मग मांड्यांबद्दल त्या काही बोललेल्याच नाहीत.

यातलं काही आपोआप गळतं का, तेही बघितलं. पैशाचं उत्तर असेल तर काकू सहसा ‘मिळाले’ लिहितात, आधीचे संदेश चाळले तर तसंच दिसतं. म्हणून ते बाजूला ठेवलं, पण पुरतं टाकलं नाही. मागचा परवा मात्र टाकता येईना. लग्नसराईत काकू एकदा चूल पेटवली की दोन-तीन घरांचे मांडे एका बसणीत काढतात. शनिवारी आमचेही निघाले असतील, तर शुक्रवारी ते सहा दिवसांचे होणार. कोरड्या हवेत, घट्ट झाकणाच्या डब्यात मांडा टिकतो. पण सध्या रोज संध्याकाळी वळीव कोसळतोय, आणि दमट हवा लागली की मांडा मऊ पडतो. एकदा मऊ पडलेला मांडा रुखवतात मांडायच्या कामाचा राहत नाही. म्हणजे झाले असतील तर आजच उचलायला हवेत, आणि व्हायचे असतील तर आज गाडी पाठवणं म्हणजे फुकटचं भाडं. नुसतं थांबून बघू म्हणायची सोय नव्हती.

आमच्या घरातल्या उत्साही मंडळींनी तोवर एक काम करून ठेवलं. भाच्याने स्वतःच्या फोनवरून परस्पर विचारलं, ‘परवा नक्की ना काकू?’ उत्तर आलं, ‘हो’. तो खूश. मी म्हटलं, ‘अरे, पण कुठला परवा?’ तर म्हणतो, ‘मामा, हो म्हणाल्या की त्या!’ आता ‘नक्की ना’ला कुणीही ‘हो’च म्हणणार. शनिवार मनात असला तरी हो, बुधवार असला तरी हो. मूळ शब्द जसाच्या तसा परत विचारला, तर त्यातली गुंतागुंतही तशीच परत येते.

इथे मला जुनं वाचलेलं आठवलं. मराठी शिकवत होतो तेव्हा संभाषणाचा अभ्यास करणाऱ्यांचं थोडं वाचलं होतं. न कळलेलं परत विचारण्याला ते दुरुस्ती म्हणतात. मार्क डिंगेमान्स, निक एनफिल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2015 साली 12 भाषांमधल्या रोजच्या गप्पांचा अभ्यास मांडला. त्यात माणसं सरासरी दर दीडेक मिनिटाला एकदा अशी दुरुस्ती मागताना दिसली. म्हणजे विचारणं हा अपमान वगैरे काही नाही, बोलण्याचाच तो एक भाग. विचारायच्या तऱ्हा ढोबळमानाने तीन. एक, नुसतं ‘आं?’. दुसरी, नेमका तुकडा मागणारी, ‘कधी?’. तिसरी, आपल्याला कळलेला अर्थ पुढे ठेवून खात्री करणारी, ‘म्हणजे बुधवारी?’. जमेल तितकं नेमकं विचारायचं, म्हणजे समोरच्याला कमी कष्ट पडतात, याकडे माणसांचा कल सगळ्याच भाषांमध्ये दिसला.

त्या न्यायाने ‘म्हणजे?’ किंवा दोन प्रश्नचिन्हं पाठवणं सगळ्यात वाईट. काय कळलं नाही हेच त्यात नसतं, सगळं काम समोरच्यावर पडतं, आणि लेखी स्वरूपात ते खेकसल्यासारखं वाटतं. वयाने मोठ्या बाईला तर नाहीच.

तिसरी तऱ्हा घ्यावी, तर लिहिण्यात आणि तेही मोठ्यांशी तिचा एक धोका आहे. मी पहिल्यांदा लिहिलं होतं, ‘काकू, परवा म्हणजे येत्या बुधवारी ना?’ पाठवायच्या आधी पुसलं. तो ‘ना’ उत्तर आधीच वदवून घेतो. कामाच्या गडबडीत असलेलं माणूस प्रश्न अर्धवट वाचून ‘हो’ टाकून मोकळं होतं. शिवाय समोरचा भिडस्त असेल, तर ‘बुधवारी म्हणतायत, तर बुधवारी देऊ’ म्हणून गुरुवारचं काम ओढूनताणून बुधवारी बसवतो. समोरासमोर असतो तर चेहरा बघून कळलं असतं. फोनवरच्या ‘हो’ला चेहरा नसतो.

मग दोन्ही अर्थ पुढे ठेवावेत असं ठरवलं. ‘शनिवारी झाले की बुधवारी होणार?’ याला ‘हो’ म्हणता येत नाही, हे चांगलं. तरी म्हणणारे म्हणतात, आमच्या अक्काने एकदा ‘चहा की कॉफी’ला ‘हो’ म्हटलंय. पण माझ्याकडे चार वार होते, आणि खरा वार मी दिलेल्या दोनांत नसेल, तर काकूंना आधी माझा प्रश्न खोडून मग उत्तर द्यावं लागणार. ज्याचं उत्तर मला माहीत नाही त्याचे पर्याय मी का ठरवावेत? म्हणून पर्याय फक्त जिथे खरोखर दोनच आहेत तिथे ठेवला, झाले की व्हायचे आहेत, आणि वार सांगायचं काम त्यांच्याकडे सोडलं. पाठवलं ते असं:

‘काकू, आमचे मांडे करून झालेत, की अजून करायचे आहेत? करायचे असतील तर कोणत्या वारी, तेवढं सांगा. गाडीवाल्याला दुपारपर्यंत कळवायचंय, म्हणून विचारलं.’

‘आमचे’ हा शब्द मुद्दाम घातला, कारण त्यांच्या घरी एका वेळी चार घरांचे डबे असतात. शेवटचं वाक्यही नुसतं सौजन्याचं नाही. कारण सांगितलं की विचारणं खोचक वाटत नाही, आणि उत्तर केव्हापर्यंत हवंय हे न दटावता सांगून होतं. बायकोचं म्हणणं, ‘माफ करा, त्रास देतोय’ हेही लिही. मी नाही लिहिलं. माफीच्या दोन ओळींखाली प्रश्न दडला, तर काकू ‘असू दे की रे’ एवढंच उत्तर देतील आणि वार राहून जाईल. ‘काकू’ने सुरुवात आणि ‘सांगा’ने शेवट, एवढा मान त्यांना पुरतो. आणि प्रश्न एकच ठेवला. पैशाचं त्यात पुन्हा घातलं नाही.

अकराच्या सुमारास काकूंनी लिहायचा नाद सोडून आवाजच पाठवला. मागे खापरावर काहीतरी चरचरत होतं. ‘अरे, काय करूलास सकाळपासून, पोरगं पण विचारतंय तुमचं! करायचेत अजून. बुधवारी बसणार. शनिवारी केले ते चिकोडीच्या लग्नाचे, तुमचे नव्हेत. गुरुवारी सकाळी या की. डबे पत्र्याचे आणा, प्लास्टिकचे नको.’

म्हणजे शनिवारीही मांडे झालेच होते, फक्त आमचे नव्हते. ‘आमचे’ घातलं नसतं, तर ‘झालेत की’ असं उत्तर येऊन मी आज दुपारीच गाडी धाडली असती. आणि घ्यायला जायचा वार निघाला गुरुवार, जो मी पर्यायांत धरला असता तर करण्याचा दिवस म्हणून धरला असता. मी आपला तो परत लिहून पाठवला, ‘गुरुवारी सकाळी नऊला येतो, दोन पत्र्याचे डबे घेऊन.’ यावर काकूंचा अंगठा आला. या अंगठ्याला मात्र दुसरा अर्थ नाही, कारण वर सगळं लिहिलेलं आहे.

पैसे मिळाले का, याचं उत्तर अजून आलेलं नाही. फोनवर रक्कम पोचल्याचं दिसतंय, आणि काकूंना मिळाले नसते तर त्यांनी आवाजात पहिलं तेच सांगितलं असतं. ते आता विचारत नाही, गुरुवारी दारात उभं राहून बोलू. गाडीवाल्याला गुरुवार सांगून झालं. तो कानडी माणूस, त्याने तारीखही विचारून घेतली.