साठ शब्दांतला एक ‘असावा’

संग्रहालयातील वस्तूंशेजारी लागणारी लेबले लिहिणे हे माझे काम आहे. वस्तूचे नाव, काळ, साहित्य आणि नोंद क्रमांक हा वरचा भाग नोंदवहीतून जवळजवळ तयारच मिळतो. ओढाताण होते ती खालच्या परिच्छेदाची, कारण वाचक उभा असतो आणि त्याचे डोळे वस्तूकडे परत वळायला हवे असतात, म्हणून आम्ही साठ शब्दांची मर्यादा पाळतो.

त्या दिवशी दुरुस्त केलेल्या एका चिनी मातीच्या वाडग्याचे लेबल लागले होते. मी शेवटी लिहिले होते, ‘मालकाला हा वाडगा फार प्रिय असावा.’ संपादनात जागेसाठी ‘असावा’चे ‘होता’ झाले. त्या बदलाने एकाही शब्दाची बचत झाली नव्हती, तरीही छपाईपूर्वी कोणी मला विचारले नाही. संपादन करणारे अनेकजण अशा शब्दाला लेखकाचा भित्रेपणा समजतात. वास्तविक पुरावा कुठे संपतो आणि तर्क कुठे सुरू होतो, हे वाचकाला त्याच एका शब्दावरून कळते.

दालनात एक आई मुलीला लेबल वाचून दाखवत होती. “बघ, त्या माणसाचा हा सर्वांत लाडका वाडगा होता,” असे ती म्हणाली. मुलीने लगेच विचारले, “कशावरून?” आईने लेबल पुन्हा वाचले, पण त्यात उत्तर नव्हते. मूळ मसुद्यातही ते नव्हते, हे मला तिथे उभे असताना उमगले. ‘असावा’ने मी सावध ठरलो असतो, पण त्या मुलीच्या हाती काहीच लागले नसते.

संध्याकाळी मी मजकूर नव्याने लिहिला:

‘या वाडग्याच्या बाहेरून धातूचे सात टाके दिसतात. तड्याच्या दोन्ही बाजूंना बारीक छिद्रे पाडून ते बसवले आहेत. छिद्रे आरपार नाहीत, म्हणून आतून टाके दिसत नाहीत. कोणीतरी हा वाडगा टाकून न देता कारागिराकडून दुरुस्त करून घेतला. जिव्हाळ्यापोटी, की नवा परवडत नव्हता म्हणून, हे ठरवण्याइतका पुरावा आपल्याकडे नाही.’

पहिले वाक्य नजरेला नेमकी जागा दाखवते आणि पुढची दोन वाक्ये त्या जागेवर पडताळता येतात. चौथ्या वाक्यातील तर्क टाक्यांवरूनच निघतो. भट्टीचा इतिहास आणि वाडगा संग्रहात कसा आला याची हकिगत मी गाळली. दोन्ही मनोरंजक होत्या, पण समोरच्या वस्तूत त्या दिसत नव्हत्या.

मांडणी करणाऱ्या सहकाऱ्याने आक्षेप घेतला की टाके मागच्या बाजूला आहेत, पुढे नक्षी आहे. त्याचे म्हणणे खरे होते. वाडगा फिरवला तर नक्षी झाकली जाते, नाही फिरवला तर माझे पहिलेच वाक्य निरुपयोगी ठरते. अखेर आम्ही मागे छोटा आरसा लावला आणि लेबलात ‘आरशात पाहा’ हे दोन शब्द वाढवले. त्या आरशात सातपैकी पाचच टाके दिसतात, आणि उरलेल्या दोघांचे काय करावे हे मला अजून सुचलेले नाही.