तुम्ही विचारलंत म्हणून: वारशात आलेल्या फ्लॅटचं कर्ज

"बाबा गेले, फ्लॅट आता आमच्या नावावर होईल, पण होम लोन अजून बाकी आहे. ते कोणी फेडायचं?"

मी बँकेत होम लोनच्या टेबलावर बरीच वर्षं काढली, त्यामुळे ओळखीतल्या कुणाकडे असं काही झालं की फोन मलाच येतो. आधी एकच विचारते, लोनच्या कागदांवर तुमची सही आहे का? नसेल तर ते कर्ज तुमचं नाही, फ्लॅटचं आहे. म्हणजे बँक फ्लॅट विकून पैसे वसूल करू शकते, वडिलांनी मागे ठेवलेल्या बाकीच्या पैशांवरही हक्क सांगू शकते, पण तुमच्या पगाराला किंवा तुमच्या स्वतःच्या घराला हात लावू शकत नाही. वारसाची जबाबदारी जेवढं वारशात मिळालं तेवढ्यापुरतीच, दिवाणी प्रक्रिया संहितेत हे स्पष्ट आहे. एक मात्र लक्षात ठेवा, वारशात आलेली एफडी मोडून खर्च करून टाकली आणि कर्ज तसंच राहिलं, तर त्या एफडीच्या रकमेपुरते तुम्ही स्वतः अडकू शकता.

सही असेल तर गोष्ट वेगळी. को-अ‍ॅप्लिकंट म्हणून सही असेल तर पूर्ण कर्ज तुमचं, अर्धं नाही, पूर्ण. जामीनदार असाल तरी तेच. आणि लोक हे विसरलेले असतात बरं का, पंधरा वर्षांपूर्वी 'इथे सही कर' म्हणून केलेली असते, फ्लॅट दोघांच्या नावावर असेल तर बँक बहुतेक वेळा दोघांना को-अ‍ॅप्लिकंट करूनच घेते. खात्री करायची तर सॅन्क्शन लेटर आणि लोन अ‍ॅग्रीमेंट काढून बघा, ते सापडत नसेल तर स्वतःचा सिबिल रिपोर्ट काढा, त्यात हे लोन दिसलं तर तुम्ही कर्जदार की जामीनदार तेही दिसतं.

आता माझ्या मामांचं सांगते, कारण यात जे जे होऊ शकतं ते बरंचसं तिथे झालं.

मामा २०२३ च्या शेवटी अचानक गेले. लोन एकट्याच्या नावावर, बाकी २४ लाख, व्याज पावणेनऊ टक्के, नऊ वर्षं राहिलेली, हप्ता साधारण ३२ हजार. मागे मामी, मामेभाऊ, मामेबहीण. मामांची आई आधीच गेलेली, त्यामुळे हिंदू वारसा कायद्याने तिघांना समान हिस्सा, एक-एक तृतीयांश. सोसायटीत नॉमिनी म्हणून फक्त मामेभावाचं नाव होतं आणि तो आधी हेच धरून बसला होता की नॉमिनी मी, म्हणजे फ्लॅट माझा आणि लोनही माझं. दोन्ही चूक. नॉमिनीला सोसायटी तात्पुरता सदस्य करून घेते, पण तो बाकीच्या वारसांच्या वतीने सांभाळणारा असतो, मालकी ठरते वारसा कायद्याने किंवा मृत्युपत्राने. आणि नुसतं नॉमिनी असल्याने कर्ज कुणाच्याच अंगावर येत नाही. (मृत्युपत्रात फ्लॅट एकालाच दिलेला असेल आणि कर्जाबद्दल वेगळं काही लिहिलेलं नसेल, तर फ्लॅट घेणाऱ्याने तो कर्जासकट घ्यायचा, बाकीच्यांकडे बोट दाखवता येत नाही.)

तेराव्याच्या आधीच पहिला हप्ता बाउन्स झाला. कारण साधं, मामेभावाने बँकेत मृत्यूचं कळवलं, मामांचं सेव्हिंग अकाउंट लॉक झालं आणि हप्ता त्याच अकाउंटमधून जात होता. घरात कुणाच्या डोक्यातही नव्हतं. हे बहुतेक घरांत होतं आणि इथून घड्याळ सुरू होतं. ९० दिवस थकलं की लोन एनपीए म्हणजे बुडीत खात्यात, मग सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस, त्यानंतर बँक फ्लॅटचा ताबा घेऊ शकते, लिलाव करू शकते. लिलावात कर्ज आणि खर्च वजा जाऊन वर पैसे उरले तर ते वारसांना परत द्यावे लागतात, पण लिलावात बाजारभाव मिळेल याची खात्री नसते, म्हणून फ्लॅट ठेवायचा नसेल तर बँकेची परवानगी घेऊन तो आपणच विकलेला बरा, घेणाऱ्याच्या पैशातून आधी लोन भरलं जातं आणि उरलेलं तुमच्या हातात येतं.

मामेभाऊ शाखेत गेला, तिथल्या माणसाने सहानुभूतीने बोलून चार-पाच कागद समोर ठेवले, म्हणाला लोन तुमच्या नावावर करून घेऊ म्हणजे त्रास नको. तो कागद घेऊन घरी आला हे नशीब. मामीच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून मी ते वाचत होते, तिसऱ्या पानावर खालच्या बाजूला वाक्य होतं, 'सदर कर्जाच्या संपूर्ण परतफेडीस मी वैयक्तिकरीत्या जबाबदार राहीन.' मी त्यावर बोट ठेवलं आणि त्याला मोठ्याने वाचायला लावलं. तो म्हणाला, "ताई, पण हप्ते तर मीच भरणार आहे ना, मग काय फरक?"

फरक हा की सही नसताना त्याच्यावर जास्तीत जास्त वारशाएवढी जबाबदारी होती, सही केली की २४ लाख त्याच्या पगारावर, त्याच्या सिबिलवर, आणि फ्लॅटचा मात्र तो एक तृतीयांशच मालक. त्यातून इन्शुरन्सचा क्लेमही अजून लागलेला नव्हता, म्हणजे कर्जाचा किती भाग उरणार हेच माहीत नसताना सगळं स्वतःवर घेणं. तिघांनी मिळून फ्लॅट कोण ठेवणार ते ठरवलं, हक्कसोड पत्र झालं, तर फ्लॅट ज्याचा त्याने मग लोन नावावर घ्यावं, त्याला हरकत नाही. पण हा क्रम उलटा करू नका.

मग आम्ही काय केलं, तर लोन अकाउंटमध्ये थेट हप्ता भरायला सुरुवात केली. लोन अकाउंटमध्ये पैसे कुणीही भरू शकतं, भरल्याने तो कर्जदार होत नाही. सोबत मामेभावाने बँकेला एक पत्र दिलं की मी वारस म्हणून, वैयक्तिक जबाबदारी न घेता, फ्लॅट वाचवण्यासाठी हे हप्ते भरतोय, आणि इन्शुरन्सचा क्लेम चालू आहे. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर बँकेचा शिक्का घेतला.

इन्शुरन्स होता हे कसं कळलं तेही सांगते. मामींना काहीच माहीत नव्हतं. सॅन्क्शन लेटरमध्ये लोनच्या रकमेत एक विचित्र फुटकळ आकडा वाढवलेला दिसला, तो होता एकरकमी प्रीमियम, २०१९ मध्ये लोनमध्येच घातलेला. म्हणून तुम्हीही लोनचं पहिलं स्टेटमेंट बघा, पहिल्या महिन्यात इन्शुरन्स कंपनीला रक्कम गेलेली असेल तर पॉलिसी असण्याची शक्यता मोठी.

पण पॉलिसी आहे म्हणजे लोन पूर्ण संपलं असं नाही. ही पॉलिसी बहुतेक वेळा उतरत्या कव्हरची असते, वर्षागणिक कव्हर कमी होतं, ठरलेल्या तक्त्याप्रमाणे, आणि तो तक्ता लोन घेताना जो व्याजदर होता त्यावर बनवलेला असतो. इथे मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेचा रेपो रेट ४ वरून साडेसहा टक्क्यांवर गेला, त्याबरोबर लोनचं व्याज वाढलं, बँकेने हप्ता तेवढाच ठेवून मुदत वाढवली, लोन हळू उतरू लागलं आणि कव्हर मात्र जुन्याच वेगाने उतरत राहिलं. मामा गेले तेव्हा कव्हर १९ लाख ४० हजार होतं. बाकी २४.

कंपनीने आधी बीपीचे जुने कागद मागितले, आजार लपवला का ते बघायला. इथे घाबरायचं नाही. विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे जीवन विम्याच्या पॉलिसीला तीन वर्षं झाली की माहिती लपवली या कारणाने क्लेम नाकारता येत नाही, मामांच्या पॉलिसीला चार वर्षं झाली होती. आम्ही पत्रात हे कलम लिहिलं. चार महिन्यांनी पैसे थेट लोन अकाउंटला जमा झाले.

त्या चार महिन्यांत भावाने चार हप्ते भरले, साधारण १ लाख २९ हजार, त्यातले जवळपास ७० हजार नुसतं व्याज, मुद्दल ६० हजारांच्या आत-बाहेर कमी झालं. इन्शुरन्सचे पैसे आल्यावर उरले साधारण ४ लाख, तेही त्यानेच भरून टाकले. फ्लोटिंग रेट असल्याने लवकर फेडल्याचा दंड लागला नाही. म्हणजे त्याच्या खिशातून गेले सुमारे ५ लाख २९ हजार.

आणि इथे पुन्हा घरात कुजबुज सुरू झाली, की कर्ज मी फेडलं तर फ्लॅट माझाच. मला हे ऐकून वाईट वाटलं, कारण तिघंही एकमेकांवर जीव टाकणारी माणसं. हप्ते भरल्याने हिस्सा वाढत नाही. पण भरलेले पैसे फुकटही जात नाहीत, गहाण सोडवायला एकाने जास्त भरले तर बाकीच्यांच्या वाट्याचे त्यांच्याकडून मागता येतात. ५ लाख २९ हजारांचे तीन भाग, प्रत्येकी १ लाख ७६ हजारांच्या आसपास, म्हणजे मामी आणि बहिणीकडून मिळून त्याला साडेतीन लाख येणं होतं. बँक ट्रान्सफरच्या नोंदी होत्या म्हणून हा हिशेब एका संध्याकाळी मिटला. रोख दिले असते तर अवघड होतं. शेवटी बहिणीने तिच्या वाट्याचे पैसे दिले आणि हिस्सा ठेवला, मामींकडून त्याने घेतले नाहीत.

राहिले मूळ कागद. लोन पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांत बँकेने मूळ कागदपत्रं परत द्यायची असतात आणि बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई, रिझर्व्ह बँकेचा हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. कर्जदार गेलेला असेल तर वारसांना कागद कसे देणार याची पद्धतही प्रत्येक बँकेने वेबसाइटवर टाकायची आहे, ती आधीच वाचून वारसांचे कागद तयार ठेवा. सोबत नो ड्यूज सर्टिफिकेट घ्या आणि सरसाई या नोंदणीत गहाण उतरवलं ना ते विचारा, नाहीतर पुढे फ्लॅट विकताना घेणाऱ्याच्या बँकेला तो अजून गहाणच दिसतो.

मामींना कागद सव्विसाव्या दिवशी मिळाले. त्यांनी अ‍ॅग्रीमेंटच्या शेवटच्या पानावरची मामांची सही आधी बघितली, मग बाकीचं मोजलं.