ग्रुपवर आलेलं ते एक प्रश्नचिन्ह

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये मी क्वालिटीला आहे. आमचे साहेब हुबळीकडचे. कामात पक्के, पण चिडले की फोन करत नाहीत, सरळ ग्रुपवर लिहितात. त्या ग्रुपवर 31 माणसं आहेत, त्यात स्टोअरवालेही आहेत आणि कँटीनचा हिशेब बघणारे काकाही. याचा राग मला आजही आहे, हे आधीच सांगून टाकते.

त्या रात्री 9 वाजून 12 मिनिटांनी मेसेज आला, इंग्रजीत. मराठीत सांगायचं तर असा: ‘120 हाउसिंग जुन्या रिव्हिजनने गेलेत. क्वालिटीत ड्रॉइंग कोणी वाचतं की नुसत्या पीडीआयवर सह्या ठोकता?’

पीडीआय म्हणजे माल गाडीत चढण्याआधीची शेवटची तपासणी. तिच्यावर सही माझी होती. रिव्हिजन म्हणजे ड्रॉइंगची आवृत्ती. हाउसिंगमधलं डॉवेल पिनचं भोक जुन्या रिव्हिजनमध्ये 8 मिलिमीटरचं होतं, नव्यात 10 चं. ऑर्डरवर नवी रिव्हिजन छापलेली होती, पण शॉपमध्ये शिक्का मारून टांगलेलं ड्रॉइंग जुनंच. ते काढून नवं लावायचं काम माझं नाही.

इथंच मी अडकले. कारण माझं म्हणणं खरं होतं.

अनगोळच्या घरात गॅससमोर उभी राहून मी टाइप करायला लागले. ‘सर, नवीन ड्रॉइंग आम्हाला मिळालंच नाही. खरं म्हणजे मागच्या महिन्यातही मी सांगितलं होतं. प्रत्येक वेळी क्वालिटीलाच का...’ अकरा ओळी झाल्या. तेवढ्यात स्टोअरमधल्या मैत्रिणीचा वेगळा मेसेज आला, ‘काय लिहायलीस गं एवढं? कधीपासून टायपिंग दिसालंय.’ मला घामच फुटला. सगळं पुसलं. परत चार ओळी लिहिल्या, परत पुसल्या. सासूबाई म्हणाल्या, ‘दूध उतू जायलंय बघ की आधी.’

9.21 ला साहेबांचं नुसतं एक प्रश्नचिन्ह आलं. त्या एका खुणेनं माझं डोकं जितकं फिरलं तितकं आधीच्या मेसेजनंही फिरलं नव्हतं. मग 9.24 ला कन्नडमध्ये दोन शब्द. मेसेज कोणी वाचला त्या यादीत माझं नाव केव्हाचं गेलेलं, म्हणजे वाचलं नव्हतं असंही म्हणता येईना. गप्प राहायचं तर तेही एकदा करून झालं होतं. जूनमध्ये अशाच एका मेसेजवर मी नुसतं ‘नोटेड सर’ लिहून फोन पालथा घातला होता, तर सकाळी सातला फोन, ‘मॅडमना काही पडलेलीच नाही का?’ ‘नोटेड’ म्हणजे तोंड मिटून घेणंच. समोरच्याला त्यातून चूक मान्य आहे की नाही, पुढे काय होणार, काहीच कळत नाही.

शेवटी वहीचं मागचं पान उघडलं आणि त्यांच्या मेसेजचे तुकडे पाडले. ‘120 नग जुन्या रिव्हिजनने गेले’ ही घटना, आणि ती खरी. ‘ड्रॉइंग वाचत नाही’ हा अंदाज. त्यातला अर्धा खरा, कारण ड्रॉइंग मी वाचलं होतं, पण त्यावरची रिव्हिजन ऑर्डरशी ताडून बघितली नव्हती. ‘सह्या ठोकता’ हा टोमणा. तो प्रश्नासारखा लिहिलेला असला तरी प्रश्न नसतो, त्याला उत्तर द्यायचं नाही. माझ्या अकरा ओळींतल्या आठ त्या टोमण्यालाच होत्या.

जुनं ड्रॉइंग भिंतीवर का राहिलं, हे कारण झालं. माल चुकीचा गेला की कारण सगळ्यात शेवटी शोधतात. आधी पुढचा माल अडवतात, गेलेला कुठे आहे ते बघतात. दर वेळी कस्टमरला हेच लिहून देणारी मी, स्वतःवर आल्यावर पहिल्याच ओळीत कारण घेऊन बसले होते.

आधी सिक्युरिटीला फोन करून उरलेले 45 नग अडवले. मग 9.38 ला ग्रुपवर लिहिलं:

‘सर, 120 नग जुन्या रिव्हिजनने गेलेत, बरोबर आहे. सही माझी आहे. सही करताना मी ऑर्डरवरची रिव्हिजन ताडून पाहिली नाही. स्टोअरमधले 45 नग थांबवले आहेत. गाडी कुठे आहे ते विचारून 10 वाजेपर्यंत इथेच कळवते.’

यात ‘पण’ नाही, दुसऱ्या कोणाचं नाव नाही. ‘सॉरी’ही नाही, माझा वाटा एका वाक्यात कबूल केला की तीनदा सॉरी लागत नाही. 9.57 ला गाडी कोल्हापूरच्या पुढे गेल्याचं कळवलं. 8 चं भोक 10 चं करता येतं, म्हणजे माल भंगारात जाणार नाही, हेही लिहिलं. त्यावर ‘ओके’ आलं. नुसतं ‘ओके’. मी जेवले.

आता वाटतं, ती 26 मिनिटं वाचली असती. 9.15 लाच ‘वाचलं सर, रेकॉर्ड बघून 9.45 ला लिहिते’ एवढं टाकायला हवं होतं. वेळ घड्याळातली द्यायची, ‘थोड्या वेळात’ म्हणायचं नाही, आणि उत्तर तयार नसलं तरी त्या वेळेला काहीतरी लिहायचंच. आता मी तसंच करते. प्रश्नचिन्ह परत आलेलं नाही. आणि मसुदा ग्रुपच्या चौकटीत कधीच लिहू नका. व्हॉट्सॲपवर स्वतःच्याच नंबरला मेसेज करता येतो, तिथं लिहा. पाठवून पुसलं तरी ‘मेसेज डिलीट केला’ ही खूण मागे राहते, आणि 31 जण विचारत बसतात काय होतं म्हणून.

भिंतीवरच्या ड्रॉइंगचं मी सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी साहेबांना एकट्यांना लिहिलं, ‘कालच्याबद्दल दोन गोष्टी बोलायच्या आहेत, 10 मिनिटं द्याल का?’ केबिनमध्ये ड्रॉइंगच नेऊन टेबलावर ठेवलं. जुन्या प्रती त्याच आठवड्यात उतरल्या. दुसरी गोष्ट ग्रुपवर लिहिण्याची. त्यावर ‘बघू’ म्हणाले, आणि अजून ग्रुपवरच लिहितात.

हे सगळं कामातल्या चुकीपुरतं. जात, भाषा, बाईमाणूस असल्यावरून कोणी घसरलं तर माझा वाटा वगैरे शोधत बसणार नाही. स्क्रीनशॉट काढीन आणि वरच्याकडे जाईन.

ते 9.24 चे दोन कन्नड शब्द होते ‘हेळ्री मॅडम’. त्या रात्री मला ते ‘बोला आता!’ असे ऐकू आले होते. कन्नड मला समजतं, पण रागात असताना परक्या भाषेतलं लिहिलेलं दुप्पट टोचतं. आठवड्याने तो संवाद परत वाचताना तो ‘री’ दिसला. आपण ‘सांगा हो’ म्हणतो त्यातला ‘हो’.