आठ पॅनेलिस्ट, तीन प्रयोगशाळा आणि एक ई-मेल

पुण्यापासून अडीच-तीन तासांच्या अंतरावर असलेल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी प्लेसमेंट अधिकारी म्हणून काम करतो. कंपनी येते त्या दिवशी विद्यार्थ्यांना दिसते ती धावपळ, पण तो दिवस नीट पार पडणार की नाही हे आधी पाठवलेल्या एका ई-मेलमध्येच ठरलेले असते, असे माझे ठाम मत आहे. गेल्या हंगामातील एका बुधवारचा अनुभव मी त्यासाठीच लिहीत आहे.

एका सॉफ्टवेअर कंपनीच्या मनुष्यबळ विभागाचा निरोप गुरुवारी संध्याकाळी आला. पुढच्या बुधवारी आठ जण येतील, सकाळी कंपनीची माहिती देतील, मग ऑनलाइन चाचणी, तांत्रिक मुलाखत आणि एचआर मुलाखत होईल, आणि सर्व काही एकाच दिवसात संपवून संध्याकाळी सात वाजता त्यांची गाडी पुण्याकडे निघेल, असे त्यात लिहिले होते. हा निरोप जसाच्या तसा विद्यार्थ्यांना पुढे पाठवण्याचा मोह प्रत्येक प्लेसमेंट सेलला होतो, कारण मुले सारखी विचारत असतात. परंतु त्या निरोपात दिवसाची सुरुवात आणि शेवट एवढेच होते. मधला भाग आम्हालाच भरायचा होता, आणि तो भरण्यासाठी कंपनीकडून काही उत्तरे मिळवणे आवश्यक होते.

पहिला प्रश्न मी शेवटापासून विचारला. आठ जणांपैकी तांत्रिक मुलाखत घेणारे किती, एका मुलाखतीला किती वेळ, आणि चाचणीतून किती मुले पुढे घेणार? उत्तर आले की तांत्रिक पॅनेल पाच, एचआरचे दोघे, एक समन्वयक, मुलाखत वीस मिनिटांची आणि निवड यादी साधारण साठ जणांची. आता हिशेब पाहा. मुलाखत वीस मिनिटांची असली तरी एक मूल बाहेर पडून दुसरे आत बसेपर्यंत आणि पॅनेलने आपले गुण लिहीपर्यंत पाच मिनिटे जातातच. म्हणजे एका मुलाला पंचवीस मिनिटे. अडीच वाजता सुरुवात करून सहाच्या आत तांत्रिक फेरी संपवायची तर एका पॅनेलकडे आठच मुले होतात, आणि पाच पॅनेल मिळून चाळीस. साठ मुलांची यादी लावली असती तर शेवटच्या वीस जणांच्या मुलाखती पाच-सात मिनिटांत उरकल्या गेल्या असत्या, किंवा झाल्याच नसत्या. यादीत नाव असूनही संध्याकाळपर्यंत बाहेर बसून परत जाणाऱ्या मुलाचे जे नुकसान होते, ते यादीत नाव न येण्यापेक्षा मोठे असते. मी हा हिशेब कंपनीला लेखी पाठवला. त्यांचा समन्वयक स्वतः अभियंता होता, त्यामुळे तो सहावे पॅनेल म्हणून बसेल आणि यादी अठ्ठेचाळीसवर थांबेल, असे शुक्रवारी दुपारी ठरले.

त्यानंतर खोल्यांचा विचार करता आला. पात्रतेची अट पदवीपर्यंत सर्व टप्प्यांवर साठ टक्के आणि एकही विषय राहिलेला नसावा अशी होती. थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतलेल्या मुलांना बारावीऐवजी पदविकेचे गुण धरले जातील, हे मी कंपनीकडून स्पष्ट लिहून घेतले, कारण अर्जातील बारावीचा रकाना रिकामा दिसला की संगणकीय छाननीत अशी मुले सरसकट गळतात. नोंदणी १६८ जणांची झाली. संगणक विभागाच्या तीन प्रयोगशाळांत प्रत्येकी तीस संगणक खात्रीने चालू होते, म्हणून चाचणीच्या ८४ जणांच्या दोन तुकड्या केल्या. एका प्रयोगशाळेत अठ्ठावीस मुले आणि दोन संगणक राखीव, हे प्रमाण मी कधीच सोडत नाही. चाचणीच्या मध्यावर एखादा संगणक बंद पडला की मुलाला तिथल्या तिथे दुसरी जागा मिळाली पाहिजे.

कंपनीसाठी ही चाचणी घेणारी संस्था कॅमेऱ्याने देखरेख करणार होती आणि आमच्या प्रयोगशाळांतील संगणकांना कॅमेरे नाहीत. हे कळल्यावर प्रत्येक खोलीत आमचे दोन प्राध्यापक आणि कंपनीचा एक प्रतिनिधी पर्यवेक्षक असेल, असा पर्याय मान्य झाला. दुसरी अडचण दिसायला कठीण होती. महाविद्यालयातील सर्व संगणक बाहेरच्या जगाला एकाच आयपी पत्त्यावरून आल्यासारखे दिसतात, आणि एकाच पत्त्यावरून थोड्या वेळात खूप लॉगिन झाले की चाचणीचा सर्व्हर ते संशयास्पद समजून अडवू शकतो. त्यामुळे मंगळवारी चार वाजता तिन्ही प्रयोगशाळांतून एकाच वेळी नमुना चाचणी उघडून पाहायची, असे वेळापत्रकात ठेवले. दोन-चार संगणकांवर करून पाहिलेल्या तपासणीत ही अडचण दिसत नाही. अपेक्षेप्रमाणे पहिली काही लॉगिन सुरळीत झाली आणि नंतरच्या पडद्यांवर प्रवेश नाकारल्याचा संदेश येऊ लागला. आमचा आयपी पत्ता त्यांच्या परवानगीच्या यादीत घालून घेतल्यावर सगळे संगणक एकत्र चालले. बुधवारी सकाळी पावणेदहाला हे घडले असते तर पुढची प्रत्येक वेळ कोलमडली असती.

सोमवारी सकाळी विद्यार्थ्यांना ई-मेल गेला. विभागप्रमुख, प्रयोगशाळा सहायक, वसतिगृहाचे रेक्टर आणि उपाहारगृह यांना वेगळे ई-मेल पाठवले, कारण प्रत्येकाला आपल्या कामाच्या चार ओळी हव्या असतात आणि लांब मजकुरात त्या हरवतात. विद्यार्थ्यांचा ई-मेल बहुतेक जण मोबाइलवर, बसमध्ये वाचतात. म्हणून विषयाच्या ओळीतच वार, तारीख, हजर राहण्याची वेळ आणि जागा लिहिली, आणि वेळापत्रक जोडपत्रात न ठेवता मजकुरातच दिले.

मजकुराचा आशय असा होता. सर्वांनी सव्वाआठ वाजता सभागृहात हजर राहावे, साडेआठनंतर प्रवेश नाही. पावणेनऊ ते साडेनऊ कंपनीची माहिती. पहिल्या तुकडीची चाचणी पावणेदहा ते अकरा, दुसरीची साडेअकरा ते पाऊण. दुसऱ्या तुकडीने तोवर सभागृहातच थांबावे आणि पावणेअकरा वाजता मोबाइल बंद करून पिशवीत ठेवावेत. पहिली तुकडी मागच्या जिन्याने थेट उपाहारगृहात जाईल. या शेवटच्या दोन सूचनांवर एका प्राध्यापकांनी मला विचारले की इतका काटेकोरपणा कशासाठी. प्रश्नसंच संगणक यादृच्छिक निवडत असला तरी प्रश्नांची पेढी एकच असते आणि काही प्रश्न दोन्ही तुकड्यांना येतात. ज्याला आधीच्या मित्राकडून प्रश्न कळतो आणि ज्याला कळत नाही, त्या दोघांमधला फरक आम्ही आखलेल्या वाटेने पडू नये, एवढीच माझी इच्छा होती.

निवड यादीच्या वेळेबाबतचे वाक्य मी सर्वांत जास्त वेळ घेऊन लिहिले. कंपनीने पाऊण तासात यादी देऊ असे सांगितले होते, म्हणजे दीड वाजता. पण यादी बाहेरच्या माणसांच्या हातात असते, तेव्हा ठरावीक मिनिट लिहिणे योग्य नाही. मी लिहिले की यादी दीडच्या आधी लागणार नाही, तोपर्यंत सर्वांनी जेवून घ्यावे. अडीचपर्यंत ती लागली नाही तर अडीच वाजता नवीन वेळ कळवणारा ई-मेल येईल. या एका वाक्यामुळे मुले जेवली. नाहीतर सूचना फलकासमोर गर्दी करून उपाशी उभी राहणारी मुले मी पुष्कळ पाहिली आहेत.

मुलाखतींसाठी अठ्ठेचाळीस जणांना एकदम बोलावले नाही. अठरा, अठरा आणि बारा असे तीन गट केले आणि त्यांना अडीच, पावणेचार आणि पाच या वेळा दिल्या. लांबच्या गावी शेवटच्या एसटीने परतणाऱ्यांनी मंगळवारी दुपारपर्यंत कळवावे, त्यांना पहिला गट मिळेल, असेही लिहिले. सात मुले आणि अकरा मुलींनी तसे कळवले. वसतिगृहातील ज्या मुलींना उशीर होणार होता त्यांच्या परवानगीचे पत्र रेक्टरांकडे आधीच पोहोचले होते. सोबत आणायच्या कागदपत्रांत ओळखपत्र, रेझ्युमेच्या दोन प्रती आणि गुणपत्रिकांच्या मूळ प्रती एवढेच मागितले. यादी फक्त पीआरएन, म्हणजे विद्यापीठाच्या कायम नोंदणी क्रमांकानेच ग्राह्य धरली जाईल, हे मी ठळक केले होते.

बुधवारी चाचणी वेळेवर झाली. यादी मात्र दोन वाजून दहा मिनिटांनी आली आणि तिच्यात पीआरएनचा रकाना रिकामा होता, फक्त पहिले नाव आणि आडनाव होते. आमच्याकडे दोन मुलांचे नाव व आडनाव सारखेच होते, एक यांत्रिकी शाखेचा आणि दुसरा माहिती तंत्रज्ञानाचा. वडिलांच्या नावाशिवाय त्यांच्यात फरक करणे अशक्य, आणि कंपनीच्या नोंदणी अर्जात मधल्या नावाला जागाच नव्हती. यादीत ते नाव एकदाच होते. यादी लावण्यासाठी माझ्यावर दबाव होता, बाहेर मुले थांबली होती, पण मी ती लावली नाही. कंपनीच्या प्रतिनिधीला चाचणीच्या प्रणालीतून लॉगिनच्या नोंदी काढायला सांगितल्या, त्यातील ई-मेल पत्ते आमच्या नोंदणीशी जुळवले आणि प्रत्येक ओळीपुढे पीआरएन लिहून घेतला. निवड माहिती तंत्रज्ञानाच्या मुलाची होती. दुसरा मुलगा दारातच उभा होता. त्याला मी बाजूला घेऊन स्वतः सांगितले, कारण फलकावर आपले नाव वाचून आनंदलेल्या मुलाला नंतर क्रमांक दाखवणे फार क्रूर झाले असते.

यादी दोन पंचवीसला लागली आणि पहिला गट पाच मिनिटांनी आत गेला. सहा पॅनेलपैकी एक अर्धा तास मागे पडले. तिसऱ्या गटातील त्यांची दोन मुले वेळेत असलेल्या दुसऱ्या पॅनेलकडे वळवली. एचआर मुलाखती दोन खोल्यांत दहा-दहा मिनिटांच्या चालू होत्या. तांत्रिक फेरीतून पुढे आलेले चोवीस जण म्हणजे दोन तासांचे काम, त्यामुळे त्या साडेसहाला संपल्या. पहिल्या गटातील मुली पाचच्या आत बसस्थानकाकडे निघाल्या होत्या.

अंतिम निकाल त्या दिवशी जाहीर होणार नाही, हेही ई-मेलमध्ये लिहिलेले होते, म्हणून संध्याकाळी कोणी थांबले नाही. शुक्रवारी अकरा वाजता सतरा जणांची यादी आली, पीआरएनसह. आमच्या नियमानुसार ती नावे पुढच्या कंपनीच्या पात्र यादीतून काढली आणि उरलेल्या मुलांसाठी पुढच्या आठवड्याच्या प्रयोगशाळांची मागणी त्याच दुपारी विभागप्रमुखांकडे पाठवली.