म्हापसा ते मंगेशी, आजींच्या नकाशाने

एकटीने बसने फिरायची माझी पहिलीच वेळ, आणि तीही गोव्यात. म्हापशात मैत्रिणीच्या आजींकडे उतरले होते. मंगेशीला जायचं ठरलं खरं, पण छापील नकाशावरच्या त्या लाल-निळ्या रेघा बघून पोटात गोळा आला. आजींनी चष्मा लावला, नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला आणि म्हणाल्या, "रस्ते सोड गो, आधी पाणी बघ. कुठलं पाणी कधी ओलांडायचं एवढं कळलं, की चुकायची नाहीस."

बोट पहिल्यांदा मांडवीवर टेकलं. म्हापसा ते पणजी शटल घ्यायची, तिकीट चढण्याआधीच खिडकीवर काढायचं. पर्वरीचा उतार संपला की पूल. "८६ साली हा पूल कोसळला, तेव्हा फेरीबोटीने जायचो आम्ही," त्या म्हणाल्या.

पणजीला कदंब स्टँडवर बस बदलायची. फोंड्याच्या सगळ्याच बस मंगेशीला थांबतील असं नाही, म्हणून पाटी वाचून भागत नाही; चढताना कंडक्टरला "मंगेशीक रावतली?" असं विचारायचंच. रायबंदरवरून गेली तर डावीकडे मांडवी सोबत असते, बायपासने गेली तर दिसत नाही. "नदी दिसली नाही म्हणून घाबरून उतरू नकोस. दोन्ही वाटा जुन्या गोव्यालाच मिळतात."

मग बाणस्तारीचा पूल. इथे आजींचं बोट बराच वेळ थांबलं. कुंभारजुव्याच्या खाडीचं ते अरुंद पाणी म्हणजे त्या काळी पोर्तुगीज मुलखाची हद्द. देवळं पाडली जाऊ लागली तेव्हा १५६० च्या सुमारास कुठ्ठाळीचा मंगेश आणि वेर्ण्याची म्हाळसा भक्तांनी हद्दीपलीकडे नेली. "म्हणून आमचे देव फोंड्याच्या बाजूला. पूल ओलांडलास की पिशवी खांद्याला लाव, कुंडई आली की दाराशी ये. मार्दोळ दिसलं तर समज पुढे गेलीस. तिथेच उतर, म्हाळसेच्या पाया पड आणि समोरच्या बाजूने उलटी बस धर."

दुसऱ्या दिवशी बस बायपासने गेली. नदी दिसेना, तरी मी जागची हलले नाही. बाणस्तारीला खिडकीतून खाली पाणी दिसलं तेव्हा देवांच्या त्या प्रवासाची आठवण येऊन अंगावर शहारा आला. कुंडईला दाराशी गेले. "मंगेशी, मंगेशी!" कंडक्टर ओरडला आणि मी उतरले.

परतीसाठी त्यांनी एकच अट घातली होती: अंधार पडल्यावर खाजगी बस विरळ होतात, तेव्हा उजेड असतानाच पणजी गाठायची. दीपमाळेपाशी अजून थोडं बसावंसं फार वाटत होतं. तरी ऊन कलताच रस्ता ओलांडून पलीकडे उभी राहिले आणि पणजीची पाटी दिसताच हात केला.