३.५५ ठोक्यांचं कोडं: गिगाहर्ट्झ ते नॅनोसेकंद, नोंद चौथी

मागच्या नोंदीत मी लिहिलं होतं की कॅशेचा, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या छोट्या मेमरीचा, वेग मोजायचा प्रोग्राम जवळपास बरोबर आकडे देतोय. ते मागे घेतो. त्या ‘जवळपास’नेच आठवडा खाल्ला.

यंत्र तेच आहे. ऑफिसातून भंगारात निघालेला डेस्कटॉप, आत इंटेलचा आय५-६५००, म्हणजे २०१५ सालच्या स्कायलेक पिढीतला. बेस वेग ३.२ गिगाहर्ट्झ, एकाच कोअरवर काम असलं तर टर्बो ३.६ पर्यंत, निवांत असला की ८०० मेगाहर्ट्झवर येतो. वर लिनक्स.

रूपांतराचं गणित नव्याने आलेल्यांसाठी एकदाच लिहितो. गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला अब्ज सायकली, आणि नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. दोन्हीकडचे अब्ज एकमेकांना खातात, त्यामुळे शून्यं मोजत बसायची गरजच नाही: १ भागिले गिगाहर्ट्झ, उत्तर थेट नॅनोसेकंदात. ३.२ असेल तर ०.३१२५ नॅनोसेकंद, ३.६ असेल तर ०.२७७८. आकडा मेगाहर्ट्झमध्ये दिला असेल तर १ च्या जागी १००० घ्यायचे. १००० भागिले ८००, म्हणजे १.२५ नॅनोसेकंद. मी सुरुवातीला कॅल्क्युलेटरवर दहाचे घात टाकून करायचो आणि दर तिसऱ्या वेळी उत्तर हजारपट चुकायचं. तेव्हापासून कागदावरच करतो.

आता मोजणी. एल१, म्हणजे कोअरच्या सगळ्यात जवळच्या कॅशेमधून एक पॉइंटर वाचायला किती वेळ लागतो ते मला हवं होतं. पद्धत जुनीच: मेमरीतल्या एका खान्यात त्याच खान्याचा पत्ता ठेवायचा आणि तो पुन्हा पुन्हा वाचत राहायचं. प्रत्येक वाचन आधीच्या वाचनाच्या उत्तरावर अवलंबून असल्यामुळे प्रोसेसरला पुढची वाचनं आधीच उरकून ठेवता येत नाहीत. नुसतं वाचन चालू असतं, एकामागे एक, रेशनच्या रांगेसारखं.

```c
static void *cell;
cell = &cell;
void **p = (void **)&cell;
uint64_t t0 = __rdtsc();
for (long i = 0; i < N; i++)
    p = *(void ** volatile *)p;
uint64_t t1 = __rdtsc();
```

`N` दहा कोटी. `volatile` काढलंत तर कंपायलर अख्खा लूप गिळून टाकतो आणि शून्य ठोक्यांत वाचन झाल्याचा आनंद मिळतो. पहिल्या दिवशी मी तो घेतला आहे. प्रोग्राम `taskset -c 2` लावून एकाच कोअरवर बांधला, आणि मोजण्याआधी तोच लूप एकदा फुकट फिरवला, म्हणजे प्रोसेसर ८०० मेगाहर्ट्झच्या झोपेतून उठून वर आलेला असतो.

स्कायलेकवर अशा साध्या पत्त्याच्या वाचनाला एल१ मधून ४ सायकली लागतात. हे ठरलेलं आहे, त्यात वरखाली होत नाही. माझ्याकडे `t1 - t0` भागिले `N` चं उत्तर आलं ३.५५.

चारापेक्षा जास्त आलं असतं तर मी लूपला, ऑपरेटिंग सिस्टिमला, कशालाही दोष देऊन झोपलो असतो. पण चारापेक्षा कमी? चार सायकलींचं काम साडेतीन सायकलींत होत नाही. सायकल हा प्रोसेसरचा सगळ्यात लहान तुकडा, त्याचा अर्धा तो वापरतच नाही. आणि गंमत म्हणजे आठवडाभर आधीच्या माझ्या प्रोग्रामात, जिथे पॉइंटरऐवजी ॲरेचा इंडेक्स फिरवत होतो, उत्तर ४.४४ येत होतं. ‘चार आणि वर थोडी गळती’ असं म्हणून मी ते मान्यही केलं होतं.

पहिला संशय गेला वेगाच्या आकड्यावर. `dmesg` मध्ये पाहिलं तर ही ओळ सापडली:

```
tsc: Detected 3192.000 MHz TSC
```

म्हणजे ३२०० नाही, ३१९२. घबाड मिळाल्यासारखं वाटलं. १००० भागिले ३१९२ केलं: ०.३१३३ नॅनोसेकंद. आधीचं होतं ०.३१२५. फरक पाव टक्का! आणि मला शोधायचा होता अकरा टक्क्यांचा फरक. अर्धा तास मी या पाव टक्क्याच्या मागे होतो, कारण ओळ सापडली याचाच आनंद जास्त होता.

मग ठोके आणि गिगाहर्ट्झ दोन्ही बाजूला ठेवले आणि साधं घड्याळ पाहिलं. `clock_gettime` ने तोच लूप मोजला. दहा कोटी वाचनांना ०.१११ सेकंद. एका वाचनाला १.११ नॅनोसेकंद. या आकड्यात कुठलाही वेग गृहीत धरलेला नाही, म्हणून यावर विश्वास ठेवता येतो. आता याला ४ ने भागा: ०.२७७५, म्हणजे जवळपास ०.२७७८. वर हा आकडा येऊन गेलाय. १ भागिले ३.६.

म्हणजे कोअर टर्बोवर, ३.६ ने धावत होता आणि वाचनाला चोख ४ सायकलीच घेत होता. चुकत होतं ते मोजायचं घड्याळ. `rdtsc` ही सूचना कोअरच्या सायकली मोजत नाही. जुन्या प्रोसेसरांत मोजायची, आणि जुन्या लेखांत तसंच लिहिलेलं असतं. आताच्या प्रोसेसरांत तो मोजक एका स्थिर गतीने चालतो. कोअर ८०० वर असो की ३६०० वर, माझ्या यंत्रात तो सेकंदाला ३१९.२ कोटी ठोकेच देणार. `/proc/cpuinfo` मध्ये `constant_tsc` हा शब्द दिसला की समजायचं. माझ्याकडे तो पहिल्या दिवसापासून दिसत होता.

म्हणून या वहीत इथून पुढे दोन वेगळे शब्द: स्थिर मोजकाचा तो ‘ठोका’, कोअरची ती ‘सायकल’. माझ्या यंत्रात ठोका ०.३१३३ नॅनोसेकंदांचा. सायकल किती नॅनोसेकंदांची, ते त्या क्षणी कोअर किती वेगाने धावतोय त्यावर. ३.५५ ठोके गुणिले ०.३१३३ म्हणजे १.११ नॅनोसेकंद, भागिले ०.२७७८ म्हणजे ४ सायकली. मी ठोक्यांना सायकली समजून बसलो होतो.

आणि ते ४.४४? गुणिले ०.३१३३ म्हणजे १.३९ नॅनोसेकंद, भागिले ०.२७७८ म्हणजे ५ सायकली. इंडेक्स असलेला पत्ता स्कायलेकला एक सायकल जास्त खायला लावतो, हे आधीच माहीत होतं. ‘गळती’ नव्हतीच. दोन्ही आकडे पहिल्यापासून अचूक होते.

पटलं तरी खात्री करून घ्यावी म्हणून काल रात्री वेग मुद्दाम बांधून पाहिला. आधी टर्बो बंद:

```
echo 1 | sudo tee /sys/devices/system/cpu/intel_pstate/no_turbo
```

उत्तर ४.०० ठोके. या एकाच स्थितीत ठोका आणि सायकल जवळजवळ सारखे असतात, आणि बहुतेकांची फसगत इथेच होते. टर्बो बंद ठेवून शिकलेल्या माणसाला दोन घड्याळं आहेत हे कधी दिसतच नाही.

मग कोअरला ८०० मेगाहर्ट्झच्या वर जाऊच दिलं नाही:

```
sudo cpupower frequency-set -u 800MHz
```

चालवायच्या आधी वहीत अंदाज लिहिला: सायकल १.२५ नॅनोसेकंद, चार सायकली ५ नॅनोसेकंद, ठोके ५ भागिले ०.३१३३, म्हणजे १६ च्या आसपास. आलं १५.९७. तोच कोअर, तेच चार सायकलींचं काम, आणि मोजक सोळा म्हणतोय. (नंतर वेग पूर्ववत करायला विसरलो. सकाळी बायकोने विचारलं, “हे यंत्र आज म्हातारं का झालंय?” ब्राउझर उघडायला चहा होईल इतका वेळ लागत होता.)

या प्रयोगातून आणखी एक गोष्ट हाताला लागली, जी भागाकारात आहे पण डोळ्यांना दिसत नाही. ०.८ वरून १.२ ला गेलं की सायकल १.२५ वरून ०.८३ नॅनोसेकंदांवर येते, म्हणजे ०.४२ ची बचत. ३.२ वरून ३.६ ला गेलं, वाढ तेवढीच ०.४ गिगाहर्ट्झची, पण बचत जेमतेम ०.०३५. त्यामुळे वेग मोजणीच्या मधेच बदलला असेल, तर दोन टोकांच्या नॅनोसेकंदांची सरासरी काढू नका. समजा अर्धा वेळ कोअर ०.८ वर होता आणि अर्धा वेळ ३.६ वर. एकूण सायकलींच्या हिशोबाने सरासरी वेग २.२ येतो आणि सरासरी सायकल ०.४५ नॅनोसेकंद. १.२५ आणि ०.२७७८ ची थेट सरासरी काढलीत तर ०.७६ येतं, आणि ते चूक आहे. मी म्हणूनच लूप आधी फुकट फिरवतो. तुमचं पहिलं उत्तर नेहमी बाकीच्यांपेक्षा मोठं येत असेल तर बहुधा हेच होतंय.

रोजच्या वापरासाठी आता `perf stat -e cycles,ref-cycles` लावतो. तिथे `cycles` म्हणजे कोअरच्या खऱ्या सायकली, आणि `ref-cycles` म्हणजे स्थिर गतीने मोजलेले. दोन्ही आकडे शेजारी आले की टर्बो चालू होता की नाही हे एका नजरेत कळतं. माझ्या लूपला पहिला दुसऱ्यापेक्षा पावणेतेरा टक्क्यांच्या आसपास जास्त येतो.

एल२ ही मोजून झाला. पॉइंटरांची साखळी १२८ किलोबाइटवर पसरवली, म्हणजे ३२ किलोबाइटच्या एल१ मध्ये मावत नाही आणि २५६ च्या एल२ मध्ये आरामात बसते, आणि क्रम पिसून टाकला. टर्बोवर १०.७ ठोके, म्हणजे ३.३५ नॅनोसेकंद, म्हणजे १२ सायकली. या वेळी गोंधळ झाला नाही.

पुढचा मुक्काम रॅम. तयारी म्हणून पट्टीवरचे आकडे नॅनोसेकंदांत आणायला बसलो आणि पुन्हा त्याच खड्ड्यात पाय. पट्टी डीडीआर४-२१३३ ची, कॅस लेटन्सी १५. १००० भागिले २१३३ म्हणजे ०.४६९, गुणिले १५ म्हणजे ७ नॅनोसेकंद. इतकी चपळ डीडीआर४ माझ्याकडे भंगारातून येणार नाही, एवढं कळण्याइतका अनुभव आता आहे. २१३३ हा घड्याळाचा वेग नाहीच. सेकंदाला किती दशलक्ष वेळा डेटा सरकतो त्याचा तो आकडा, आणि डीडीआर प्रत्येक सायकलीत दोनदा डेटा सरकवते. घड्याळ १०६६.६७ मेगाहर्ट्झचं, सायकल ०.९३७५ नॅनोसेकंदांची, आणि १५ सायकली म्हणजे १४.०६ नॅनोसेकंद. तेही फक्त रॅमच्या चिपमधल्या एका टप्प्याचे. कोअरपासून निघून परत येईपर्यंतचा सगळा प्रवास याच्या कितीतरी पट निघेल. साखळी ६४ मेगाबाइटची करून ठेवली आहे, शनिवारी चालवतो.