उंची, कंबर आणि एक भागाकार : शरीरातील चरबीचा अंदाज घेण्याचा माझा अनुभव

वार्षिक तपासणीच्या अहवालात माझा बीएमआय २५.७ आला आणि त्यासमोर ‘वजन किंचित जास्त’ असा शेरा होता. वजन ७६ किलो, उंची १७२ सेंटिमीटर. या आकड्यावरून वजन जास्त आहे हे कळते, पण त्यातले किती चरबीचे आणि किती स्नायूंचे, हे कळण्याचा मार्ग त्यात नाही, कारण बीएमआयमध्ये वजन आणि उंची यांखेरीज काहीच येत नाही. वजनकाट्याशिवाय, फक्त मोजपट्टीने चरबीच्या टक्केवारीचा अंदाज देणारे एक सूत्र आहे असे वाचनात आले आणि ते नीट समजून घेऊन स्वतःवर वापरायचे ठरवले.

या सूत्राला ‘रिलेटिव्ह फॅट मास’ किंवा थोडक्यात आरएफएम म्हणतात. ऑरिसन वूलकॉट आणि रिचर्ड बर्गमन या दोन संशोधकांनी ते २०१८ साली प्रसिद्ध केले. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षणात हजारो प्रौढांची शरीरमापे घेतलेली होती आणि त्याच लोकांची चरबी डेक्सा या क्ष-किरण यंत्रानेही मोजलेली होती. या दोघांनी उंची, वजन, कंबर वगैरे मापांची शेकडो प्रकारे जुळणी करून पाहिली आणि डेक्साच्या आकड्याशी चांगले जुळणारे, तरीही हाताने करता येईल इतके सोपे असे सूत्र निवडले. ते असे :

```
पुरुष : ६४ − (२० × उंची ÷ कंबर)
स्त्री : ७६ − (२० × उंची ÷ कंबर)
```

उत्तर थेट टक्क्यांत येते. उंची आणि कंबर दोन्ही एकाच एककात हवीत, एवढीच अट. एकक सेंटिमीटर असो वा इंच, भागाकार तोच येतो. एक माप सेंटिमीटरमध्ये आणि दुसरे इंचांत घातले तर ते लगेच लक्षात येते : १७२ ला ३७ ने भागले की उत्तर शून्याच्याही खाली जाते आणि उणे टक्के चरबी कोणाच्याच अंगावर नसते.

गणित एका ओळीचे असले तरी सगळी मेख कंबर मोजण्यात आहे, हे पहिल्याच दिवशी ध्यानात आले. माझ्या पँटवर ३४ इंच लिहिलेले असते, म्हणजे सुमारे ८६ सेंटिमीटर. तो आकडा घेतला तर १७२ भागिले ८६ बरोबर २, म्हणजे ६४ वजा ४०, अर्थात २४ टक्के. मात्र पँट पोटाच्या घेराखाली बसते आणि लेबलवरचा आकडा कापडाच्या प्रत्यक्ष मापाशी जुळतोच असे नाही. मोजपट्टी अंगाला लावल्यावर पोटाच्या सर्वांत निमुळत्या जागी ९२, बेंबीवर ९७ आणि कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेला ९५ अशी तीन मापे मिळाली. त्यांतून अनुक्रमे २६.६, २८.५ आणि २७.८ टक्के अशी उत्तरे येतात. माणूस एक, दिवस एक, आणि पँटचे लेबल धरले तर अंदाज २४ पासून साडेअठ्ठावीसपर्यंत फिरतो.

मग यातले खरे माप कोणते? उत्तर सूत्राच्या जन्मातच आहे. ज्या सर्वेक्षणातून ६४ आणि २० हे आकडे निघाले, त्यात कंबर हाडाच्या वरच्या कडेलगत मोजलेली होती, म्हणून या सूत्रात तेच माप घालायचे. जागतिक आरोग्य संघटनेची पद्धत शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर मोजण्याची आहे. तीही चांगली आहे, पण तिथले माप या सूत्रात घातले की आकडा थोडा सरकू शकतो.

त्यानंतर मी जी रीत बसवली ती अशी. कपडे बाजूला करून सरळ उभे राहायचे, उजव्या बाजूला काखेच्या मध्यातून खाली येणाऱ्या रेषेवर बोटाने दाबत कमरेच्या हाडाची वरची कड शोधायची आणि तिथे पेनने छोटी खूण करायची. पट्टी त्या खुणेच्या लगेच वरून फिरवायची आणि ती पाठीमागे खाली घसरलेली नाही ना, जमिनीला समांतर आहे ना, हे आरशात पाहायचे. पट्टी त्वचेला टेकलेली हवी, रुतलेली नको. नेहमीसारखा श्वास सोडून झाल्यावर, पोट आत न ओढता, आकडा वाचायचा. हे शेवटचे वाक्य लिहायला सोपे आहे. पट्टी हातात आली की पोट आपोआप आत जाते आणि ते थांबवण्यासाठी मला मुद्दाम दोन-तीन वेळा श्वास सोडून मगच वाचावे लागते. कापडी पट्टी जुनी झाली की ताणते, म्हणून ती एकदा पोलादी पट्टीशी ताडून पाहिली.

एका सेंटिमीटरचा फरक किती महत्त्वाचा हेही काढून ठेवले. माझ्या मापांच्या आसपास कंबर एक सेंटिमीटर बदलली की आरएफएम सुमारे ०.४ ने बदलतो. जेवणानंतर माझी कंबर दीड-दोन सेंटिमीटर वाढलेली असते, म्हणजे जवळजवळ पाऊण टक्का चरबी केवळ भरल्या पोटाची! म्हणून सकाळी, काही खाण्यापूर्वी, लागोपाठ दोन मापे आणि त्यांची सरासरी, असा नियम ठेवला. दोन मापांत एका सेंटिमीटरहून जास्त तफावत आली तर पट्टी कुठेतरी तिरकी आहे असे समजून पुन्हा घेतो.

ताईला हे दाखवले तेव्हा तिने पहिला प्रश्न केला, “तुला चौसष्टातून वजा करायचे आणि मला शहात्तरातून, हा बारा टक्क्यांचा दंड कशाबद्दल?” दंड नव्हे. उंची आणि कंबर यांचे गुणोत्तर सारखे असताना स्त्रियांच्या शरीरात सरासरीने तेवढी चरबी जास्त आढळते. तिचा मोठा भाग नितंब, मांड्या आणि स्तनांत असतो आणि कंबरेभोवती फिरणाऱ्या पट्टीला तो दिसत नाही. ताईची उंची १५६, कंबर ८४, वजन ६० किलो. भागाकार १.८५७, त्याची वीसपट ३७.१, आणि ७६ मधून वजा जाता ३८.९ टक्के. तिचा बीएमआय २४.७ असल्यामुळे आजवर प्रत्येक अहवालात ती ‘सामान्य’ वजनाची ठरत आली होती. याच संशोधकांनी २०२० साली मृत्यूच्या जोखमीशी ताडून पुरुषांसाठी ३० आणि स्त्रियांसाठी ४० टक्के अशी लठ्ठपणाची सीमा सुचवली. त्या हिशेबाने ताई सीमेच्या अगदी जवळ उभी आहे. तिच्या कंबरेचे माप ८६.७ झाले की ती सीमा ओलांडली जाईल. माझ्या उंचीला ती सीमा १०१ सेंटिमीटरवर येते.

हे आकडे किती खरे, हा प्रश्न राहिलाच होता. घरच्या वजनकाट्यावर चरबी दाखवण्याची सोय आहे. तो तळपायांतून अगदी सौम्य वीजप्रवाह सोडून अडथळा मोजतो आणि शरीरातील पाण्याच्या प्रमाणाप्रमाणे त्याचे उत्तर डोलते. एकाच दिवशी सकाळी आणि संध्याकाळी त्याने दोन टक्क्यांचा फरक दाखवला, म्हणून तो पंच म्हणून बाद. पुढे डेक्सा तपासणी करून घेण्याची संधी मिळाली. त्यात दोन वेगळ्या ऊर्जांचे क्ष-किरण वापरून हाडे, चरबी आणि इतर ऊती वेगवेगळ्या काढल्या जातात. तिथे माझी चरबी ३०.४ टक्के निघाली, तर सूत्राने २७.८ सांगितले होते.

अडीच टक्क्यांहून थोडा जास्त असा हा फरक पाहून सूत्र टाकून द्यावे असे मला वाटले नाही, कारण ते सरासरीचे सूत्र आहे. उंची १७२ आणि कंबर ९५ असलेल्या सगळ्या पुरुषांना ते एकच उत्तर देते, मग त्यांतला एक रोज वजने उचलणारा असो आणि दुसरा दिवसभर खुर्चीत बसणारा. पहिल्याची चरबी सूत्राहून कमी निघेल, दुसऱ्याची जास्त. शिवाय मूळ अभ्यासातील लोक मेक्सिकन, युरोपीय आणि आफ्रिकी वंशाचे अमेरिकन होते, आणि दक्षिण आशियाई लोकांत त्याच बीएमआयला चरबीचे प्रमाण जास्त असते हे सर्वज्ञात आहे. कंबरेवर आधारलेल्या सूत्रात हा फरक किती उरतो, ते माझ्या एका तपासणीवरून ठरणार नाही.

पुढचे काही महिने चालणे आणि व्यायाम नियमित झाला. वजन फक्त एका किलोने उतरून ७५ वर आले, पण कंबर ९५ वरून ९१ झाली. आरएफएम २६.२ आला, म्हणजे १.६ ची घट. इथे गणित पुढे ताणण्याचा मोह होतो : ७६ किलोंच्या २७.८ टक्के म्हणजे २१.१ किलो चरबी, ७५ किलोंच्या २६.२ टक्के म्हणजे १९.७, तर दीड किलो चरबी गेली आणि अर्धा किलो स्नायू वाढले! हा निष्कर्ष मी काढत नाही. सूत्र वेगवेगळ्या माणसांची तुलना करून बेतलेले आहे. एकाच माणसात काही महिन्यांत झालेला बदल ते किलोच्या अंशापर्यंत सांगेल असा त्याचा दावा नाही आणि त्याची स्वतःची चूक या अर्ध्या किलोहून कितीतरी मोठी आहे. एवढेच म्हणता येते की कंबरेतली चार सेंटिमीटरची घट मोजणीतल्या नेहमीच्या चढउतारापेक्षा मोठी आहे, म्हणून ती खरी मानायला हरकत नाही.

आता वहीत बाबांचेही माप असते आणि तिथे सूत्राचा वेगळाच कंगोरा पुढे आला. त्यांची तरुणपणीची उंची १६८ होती. भिंतीला टाच, पाठ आणि डोके टेकवून आज मोजली तर १६४ भरते. कंबर ९२ धरली तर जुन्या उंचीने २७.५ येतात आणि आजच्या उंचीने २८.३. सर्वेक्षणात प्रत्येकाची उंची त्या दिवशी मोजलेली होती, त्यामुळे आजचीच उंची घालणे योग्य. मात्र मणक्यांमधल्या चकत्या झिजून उंची घटत गेली की कंबर तितकीच राहूनही आरएफएम चढत जातो. म्हणून बाबांच्या रकान्यात टक्केवारीच्या आधी कंबरेचा आकडा लिहितो आणि तो हललेला नसेल तर टक्क्यांतली वाढ चरबीची धरत नाही.